गाढी नदीचं वकीलपत्र

माझ्या मामेसासऱ्यांइतका माणसांचा कंटाळा असलेला वकील पनवेलच्या कोर्टात आजवर झाला नाही आणि पुढंही होणार नाही. समोर माणूस अशील म्हणून येऊन बसला, की त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. भाऊबंदकी, भाडेकरू, बांध कोरणं, सोडचिठ्ठी असल्या कामांवर त्यांचं घर चालत होतं; पण ती कामं ते एखाद्यानं दुसऱ्याचं ओझं उचलावं तशी करायचे. "माणसं खोटं बोलतात हो, जावईबापू. आणि वर फार बोलतात," असं ते मला सांगायचे. त्यांचा खरा जीव होता तोंड नसलेल्या मंडळींत. देवळातली मूर्ती, नदी, झाड आणि त्या काळात नव्यानंच कचेऱ्यांतून दिसू लागलेला कॉम्प्युटर, यांना कायद्यानं 'व्यक्ती' म्हणावं की नाही, यावर ते एक निबंध लिहीत होते. माझं लग्न झालं तेव्हा निबंध चौथ्या वर्षात होता. माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी तो चालूच होता. त्याचं नाव होतं, 'माणूस नसलेल्या व्यक्ती'. माझी मामेसासू त्याला नुसतं 'ते बाड' म्हणायची आणि झाडू मारताना ते पायानं सरकवायची. मग मामा ओरडायचे, की बाई, तू एका देवाला, एका नदीला आणि एका यंत्राला लाथ मारली आहेस!

विषय डोक्यात शिरला की मामांना जागेचं भान राहायचं नाही. एकदा गणपतीची मूर्ती ठरवायला आम्ही पेणला गेलो. मूर्तिकारानं शंभर-दीडशे मूर्ती मांडून ठेवल्या होत्या. मामांनी रंग पाहिला नाही, डोळे पाहिले नाहीत. त्यांनी त्या भल्या माणसाला विचारलं, "यातल्या एखाद्याच्या नावावर मी दहा गुंठे जमीन करून दिली तर ती कुणाची होईल?" मूर्तिकार म्हणाला, "साहेब, बाप्पाची." "चूक!" मामा कडाडले. "इथं हा माल आहे. उद्या तुझं दिवाळं निघालं तर कोर्ट याला टेबलखुर्चीबरोबर जप्त करील. विधिपूर्वक प्रतिष्ठा होऊन, कायम पूजा चालावी म्हणून कुणीतरी काही अर्पण केलं, की मग कायदा याला मालक मानतो. मालक तरी कोण? दगड नव्हे, माती नव्हे. अर्पण करणाऱ्याचा जो संकल्प, त्याला कायद्यानं दिलेलं हे शरीर. म्हणून मूर्ती भंगली, चोरीला गेली, नवी बसवली, तरी जमीन तिचीच राहते." मूर्तिकारानं हात जोडले आणि दिवाळं निघण्याची भाषा ऐन सीझनमध्ये करू नका, असं विनवलं. आम्ही त्या वर्षी मूर्ती दुसरीकडून आणली. दुसरं काय करणार?

मी पाटबंधारे खात्यात कारकून. त्यामुळे गाढी नदीची सगळी खुशाली माझ्याकडे असायला हवी, असा मामांचा समज. "काय म्हणतेय गाढी?" हे ते एखाद्या आजारी आत्याची चौकशी करावी तसं विचारायचे. आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो बघायला ते काळा कोट घालून आले. चपला बाहेर काढाव्या लागत, त्या काढल्या. त्याच्यासमोर बसून ते अदबीनं म्हणाले, "आपल्याला काही म्हणायचंय का?" पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकली. मामा खूष झाले आणि निबंधात कॉम्प्युटरला अकरा पानं मिळाली. जो हिशेब करतो, निर्णय देतो, चुकतो, त्याला व्यक्ती म्हणायला कायद्याची हरकत काय, असा एकूण सूर. मी म्हटलं, "मामा, तो आम्ही भरू तेच ओकतो." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मात्र हक्क दिले की कर्तव्यंही आली, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. एका पावसाळ्यात गाढीचं पाणी आमच्या शेजारच्या मास्तरांच्या परसात शिरलं आणि कुंपणाची भिंत घेऊन गेलं. मास्तर खवळून आले. "काय हो, तुमची गाढी व्यक्ती आहे ना? मग लावतो तिच्यावर दावा. भिंत भरून दे म्हणावं!" मामा तीन दिवस जुने निकाल चाळत बसले. मग त्यांनी वहीत मोठ्या अक्षरांत तीन प्रश्न लिहिले आणि भिंतीला डकवले. हिचं स्वतःचं असं हित कोणतं? हिच्या वतीनं बोलणार कोण? आणि ही चुकली तर भरपाई कशातून होणार? या तिन्हींची उत्तरं ज्याला आहेत, त्यालाच व्यक्ती म्हणण्यात अर्थ आहे, असं त्यांनी ठरवलं. देवळातल्या मूर्तीची तिन्ही उत्तरं तयार होती. तिचं हित म्हणजे अर्पण करणाऱ्याचा हेतू, बोलायला वहिवाटदार, म्हणजे तिचा कारभार बघणारा माणूस, आणि भरपाईला तिची मालमत्ता. नदी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अडायची. मामा म्हणायचे, "अडली म्हणून काय झालं? मी बोलेन की. भरपाईचं पुढं बघू."

आणि मग एक दिवस नेरे गावाच्या बाजूहून हिराबाई आल्या.

साठीच्या घरातली, काळीसावळी, काटक बाई. त्यांच्या गावाबाहेर गाढीच्या काठी एका देवीचं छोटं देऊळ, आणि देवळाभोवती देवीची पाऊण एकर जमीन. जुन्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवीचं नाव, आणि खाली वहिवाटदार म्हणून हिराबाईंच्या सासऱ्यांचं. सासरे गेले, नवरा गेला, वहिवाट पुतण्याकडे आली. दिवा मात्र तीस वर्षं हिराबाईच लावत होत्या. आता मुंबईच्या कुणी बिल्डरानं तिकडे फार्महाउसं काढली होती. पुतण्यानं तलाठ्याला गाठून सातबाऱ्यावरून देवीचं नाव कमी करवलं, जमीन स्वतःची म्हणून दाखवली आणि बिल्डरला विकायचा करार करून मोकळा झाला. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात देवीच्या जमिनीवर पोहण्याचा तलाव काढलेला होता. देऊळ ठेवणार होते म्हणे, तलावाच्या कोपऱ्यात, शोभेला.

"पुतन्या म्हनतो, काकी, तुमी या दिवा लावाया, वॉचमन गेट उघडंल," हिराबाई म्हणाल्या. "म्हंजे आईच्या दारात मी वॉचमनला इचारून जायाचं? आन वॉचमननं नाय म्हटलं तर?" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पाहिलं तर मामांचेही डोळे भरले होते. पण लगेच त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बघून मला त्यांची थोडी लाजच वाटली. अकरा वर्षांचा निबंध चप्पल घालून त्यांच्या दारात आला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्कूटरला विश्रांती म्हणून मिळाली नाही. रविवार उजाडला की मामा मागं बसलेले, मांडीवर फाईल, आणि आम्ही नेऱ्याच्या रस्त्याला. मामा हिराबाईंना समजावत होते, की दावा देवी स्वतः लावणार. वहिवाटदारच उलटला, तर कायदा म्हणतो, तिचा कुणीही भक्त तिच्या वतीनं उभा राहू शकतो. त्याला म्हणायचं वादमित्र. "कायद्याच्या नजरेत देवी ही कायमची अल्पवयीन, हिराबाई. लहान मुलासारखी. तिचं हित दुसऱ्यानं जपायचं."

हिराबाई ताडकन उठल्या. "पोर? आमी तिला आई म्हनतो, आनि तुमी तिला पोर म्हनता? गावाची बाळंतपनं तिनं बघितली!"

"अहो, फक्त कोर्टापुरतं," मामा गयावया करू लागले. "आणि तसंही सगळ्या बाबतीत नाही. लहान मुलासाठी दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ थांबतं, देवीसाठी थांबत नाही. तिची जमीन बाहेरच्यानं मालकासारखी बारा वर्षं दाबली आणि कुणी हाक मारली नाही, तर हक्क जाऊ शकतो. पण तुमचा पुतण्या बाहेरचा नव्हे. तो तिच्या वतीनं जमीन सांभाळत होता. राखणदारानं बारा काय, बत्तीस वर्षं राखली तरी वस्तू राखणदाराची होत नाही. आणि तलाठ्याच्या फेरफारानं सातबारा बदलतो, मालकी बदलत नाही. शिवाय देवस्थान धर्मादाय कचेरीत नोंदलेलं आहे, म्हणजे आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही." हिराबाईंना यातलं बाकी काही नाही, पण राखणदाराचं पटलं. त्या खाली बसल्या. "मग इतका येळ पोर-पोर काय करत होतात?" त्या म्हणाल्या.

इथपर्यंत सगळं सरळ होतं, दावा जिंकण्यासारखा होता आणि मामांनी इथंच थांबायला हवं होतं. पण थांबतील तर ते मामा कसले! दावा दाखल झाल्यावर त्यांनी मला नक्कल वाचायला दिली. वादी क्रमांक एक, श्री देवी, वय कायम अल्पवयीन, धंदा काही नाही, तर्फे वादमित्र हिराबाई. ठीक. खाली पाहतो तो वादी क्रमांक दोन! गाढी नदी, वय अनादि, धंदा वाहणे, राहणार डोंगरापासून खाडीपर्यंत, तालुका पनवेल. तलावासाठी बिल्डर नदीचं पाणी ओढणार, म्हणून तीही पीडित.

"मामा, हे काय?" मी किंचाळलो.

"निबंधाचा दुसरा भाग," मामा लाजत म्हणाले.

"आणि वकीलपत्रावर सही कुणी केली?"

मामांनी कागद उजेडासमोर धरला. अंगठ्याच्या जागी एक वाळलेला, गोल, पिवळट डाग होता. मामांनी पहाटे नदीवर जाऊन कागदाचा तो कोपरा पाण्यात बुडवला होता. "तिच्या संमतीनं," ते म्हणाले. "मी विचारलं होतं." मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या बायकोनं मात्र, ती त्यांचीच भाची, फक्त एवढंच विचारलं, की मामा, पाण्यात पाय नाही ना घसरला?

तातडीच्या मनाईच्या सुनावणीला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. नदी येणार म्हणून शेजारच्या कोर्टातले वकीलही येऊन बसले होते. बिल्डरचा वकील मुंबईचा, गोड बोलणारा. तो उठला आणि देवीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो फक्त नदीबद्दल बोलला. महाराज, देवीला कायदा व्यक्ती मानतो, मी नाकारत नाही. पण नदीला या देशात कुठल्या कायद्यानं व्यक्ती केलं? नदीचं पात्र आणि पाणी सरकारचं. तिच्या नावानं काही मागायचं तर सरकारला पक्षकार करा. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्या, नाहीतर ती माफ करून घ्यायला वेगळा अर्ज करा आणि त्यावर आधी आमचं ऐका. तोवर मनाईचा विचारच कसा करता येईल? असं म्हणून तो बसला आणि त्यानं घड्याळाकडे पाहिलं. दोन महिन्यांत काय होणार, ते सगळ्यांना कळत होतं. जमिनीच्या कडेला खांबांचे ढीग येऊन पडलेले मी स्वतः पाहिले होते.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी वकीलपत्रावरचा डाग बराच वेळ पाहिला, हसू दाबलं आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "वकीलसाहेब, हा वाद मोठा आहे. कधीतरी कुणीतरी तो निकालात काढील. पण एखादा पक्षकार चुकून जोडला म्हणून दावा बुडत नाही, हे तुम्ही जाणता. ते नाव मी वगळू शकतो, तुम्हीही वगळू शकता. देवीचं मी आत्ता, या क्षणी ऐकायला तयार आहे. तुम्हाला आज नदीसाठी बोलायचंय, की देवीसाठी?"

मामा उभेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नदी कोर्टात आली होती, आणि तिला त्यांनीच आणलं होतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. बाकावर हिराबाई बसल्या होत्या, एसटीचं तिकीट मुठीत धरून. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्या फक्त मामांच्या तोंडाकडे बघत होत्या. मामांनी पेन काढलं, पुढं गेले आणि परवानगी घेऊन दाव्यातून दोन नंबरचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. खाली सही केली. मग देवीसाठी ते जे बोलले ते अवघी वीस मिनिटं, एकही शब्द फालतू नाही. जमीन 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम त्याच दुपारी झाला.

त्या दिवशी घरी येताना मामांनी मला पुलावर स्कूटर थांबवायला लावली. कठड्यापाशी उभं राहून त्यांनी खाली नदीकडे पाहत हळूच "माफ कर गं" म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या रविवारी जाऊन पाहतो तर काय, देवीच्या जमिनीभोवती नवंकोरं तारेचं कुंपण! हिराबाई कुंपणाबाहेर दिव्याचं तेल घेऊन उभ्या. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून मामांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. बिल्डरचा मॅनेजर टाय लावून हजर झाला. त्यानं सांगितलं, की आमच्या कंपनीत सगळं कॉम्प्युटरवर चालतं, कुठल्या दिवशी कुठं काम करायचं ती यादी कॉम्प्युटर काढतो, हुकुमाची नोंद त्यात व्हायची राहिली, त्यानं यादी काढली आणि मजुरांनी खांब रोवले. चूक सिस्टिमची आहे, माणसांचा काही दोष नाही.

कॉम्प्युटरचे कैवारी तर आमचे मामाच! ती अकरा पानं आता आडवी येणार, असं मला वाटलं. पण मामा उठले ते कोटाच्या बाह्या मागं सारूनच.

"महाराज, मी स्वतः अनेक वर्षं या यंत्राला व्यक्ती करायच्या विचारात होतो," ते म्हणाले. कोर्टात खसखस पिकली. "आज माझे डोळे उघडले. देवीला कायदा व्यक्ती मानतो तो तिचं काहीतरी राखण्यासाठी. समोरचे माझे मित्र यंत्राला व्यक्ती करू पाहतात ते स्वतः लपण्यासाठी! मला सांगा, या यंत्राचं स्वतःचं हित काय? त्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे? त्याला दंड केला तर भरील कोण? तुरुंगात घातलं तर तिथं प्लग लागेल, दुसरं काय होईल? ज्याला गमवायला काही नाही, त्याच्या गळ्यात कर्तव्य बांधणं म्हणजे ते कुणाच्याच गळ्यात नसणं. कुदळीनं पाय तुटला तर आपण कुदळीला आरोपी करत नाही. हे यंत्र कुदळच आहे, जरा शहाणी कुदळ. हुकूम मॅनेजरना बजावला होता. तो त्यात भरायचा हात त्यांचा, यादीवर सही त्यांची. बोलावा कुणाला बोलवायचं ते, पण माणूस बोलवा!"

न्यायाधीशांनी मॅनेजरला एवढंच विचारलं, की यादीवर सही कुणाची आहे. मॅनेजर टायशी चाळा करत म्हणाला, "माझी." लेखी माफी द्यावी लागली आणि दोन दिवसांत कुंपण निघालं. खांब उपटले तेव्हा हिराबाई एकेक मोजत होत्या, जणू कुणी एखादा विसरून ठेवील. मामांनी घरी येऊन ती अकरा पानं फाडली. मामेसासूनं पाणी तापवायला ती बंबात घातली आणि म्हणाली, चला, बाडाचा काहीतरी उपयोग झाला.

चार वर्षांनी निकाल लागला. जमीन देवीची, पुतण्या फक्त वहिवाटदार, विक्रीचा करार देवीवर बंधनकारक नाही, कायमची मनाई. पुतण्या आणि बिल्डर अपिलात अलिबागला गेले. जातातच. मामा म्हणाले, जाऊ देत, देवीला काय घाई आहे.

पण घाई आम्हा माणसांना असते. अपील चालू असतानाच हिराबाई एका थंडीत तापाचं निमित्त होऊन गेल्या. आणि त्याच महिन्यात मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कोर्टात ज्यांना आवरता आवरता न्यायाधीश थकायचे, ते मामा खाटेवर पडून नुसते बघायचे. मी ऑफिसातून आलो की शेजारी बसायचो आणि उगाच खोटं खोटं सांगायचो, गाढीला पाणी चांगलं आहे, गाढी मजेत आहे. ते डोळ्यांनी हसायचे.

अलिबागहून मामांचे ज्युनिअर वकील कागद घेऊन आले. वादमित्र मयत झाल्यामुळे देवी मरत नाही, दावाही संपत नाही, पण तिच्यासाठी बोलायला कुणीतरी नवं माणूस हवं होतं. गावातले दोघंतिघं पुतण्याला भिऊन मागं सरले होते. बाकीच्यांनी तोवर बिल्डरकडे नोकऱ्या धरल्या होत्या. ज्युनिअर म्हणाले, तारीख तोंडावर आहे, आणि वादमित्र हरला तर कोर्टाचा खर्च त्याच्या अंगावर येऊ शकतो, म्हणून कुणी तयार होत नाही. मी म्हटलं, "भक्तच लागतो ना?" ते म्हणाले, "हो. प्रतिज्ञापत्रावर तसं लिहून द्यावं लागतं."

मामा माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी डावा हात हलवून पेन मागितलं. मी वही छातीवर धरली. वाकडीतिकडी, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं काढायला त्यांना पाच मिनिटं लागली. लिहिलं होतं, "खोटी सही नको."

मी देवधर्म न करणारा माणूस. गणपतीची आरतीसुद्धा मला निम्मी येते. त्या देवळात मी दर रविवारी गेलो तो मामांचा ड्रायव्हर म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. पण हिराबाई गेल्यापासून दिव्यात तेल कोण घालत होतं? मामा खाटेवर पडल्यावर मागची सीट रिकामी घेऊन दर रविवारी नेऱ्याला कोण जात होतं? कुणी बघत नाही असं पाहून, परत निघताना, मी पायरीला हात लावत होतोच की. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मामांना सांगितलं.

त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला. मी दुसऱ्या हातानं कागद ओढला, 'मी सदर देवीचा भक्त आहे' ही ओळ एकदा नीट वाचली आणि खाली सही केली.